‘फोन नको’: एका कथेचा विषय, कथानक आणि आशयसूत्र

आमच्या कथावाचनाच्या गटात सात वाचक आहेत आणि एक पद्धत आहे. कथा वाचून झाली की चर्चेआधी प्रत्येकाने एका चिठ्ठीवर एका वाक्यात लिहायचं: या कथेचं आशयसूत्र काय? ज्याला आपण सगळे ‘थीम’ म्हणतो, ते. चिठ्ठीवर नाव घालायचं नाही. त्या दिवशीची कथा गटातल्याच एका लेखिकेची होती, अजून कुठे न छापलेली. सात चिठ्ठ्या उघडल्या आणि एकीतही आशयसूत्र सापडलं नाही. वाचक कच्चे नव्हते. प्रत्येकाने दुसरंच काहीतरी पकडून त्याला आशयसूत्र म्हटलं होतं, आणि ते ‘दुसरं’ नेमकं काय होतं हे शोधण्यात आमचे तीन तास गेले. लेखिकेच्या परवानगीने ते प्रकरण इथे सविस्तर मांडतो आहे.

आधी कथा सांगतो, कारण तिच्यातले बारकावे पुढे लागणार आहेत.

एका माणसाचे वडील रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे. ते वारले. दुकानाचा गाळा मुलाने विकायला काढला आहे आणि रविवारी संध्याकाळपर्यंत तो रिकामा करून किल्ली द्यायची आहे. मागच्या रॅकवर दुरुस्तीला आलेल्या पण कुणी परत न नेलेल्या तीन वस्तू आहेत. प्रत्येकीला दोऱ्याने एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली, वडिलांच्या अक्षरात: नाव, पत्ता, दोष, तारीख आणि खाली एक शेरा. शेरे दोनच प्रकारचे, ‘पाहायचा’ किंवा ‘झाला’. मुलगा ठरवतो की या वस्तू ज्यांच्या त्यांना पोचवून टाकू.

पहिला रेडिओ ज्याचा आहे त्याला आठवतच नाही. तो म्हणतो, “माझा? असेल. ठेवा तिथे.” दुसऱ्या पत्त्यावर कुलूप. शेजारी सांगतो की ती माणसं कधीच गेली, आणि निरोप द्यावा तसं म्हणतो, “वस्तू जातात हो, आठवणी राहतात.” तिसरी वस्तू म्हणजे एक टेपरेकॉर्डर, आत कॅसेट तशीच. चिठ्ठीवर अकरा वर्षांपूर्वीची तारीख आणि खाली लिहिलेलं: ‘बेल्ट बदलला. हेड साफ केलं. झाला. फोन नको.’ दार एक वयस्कर बाई उघडतात. टेपरेकॉर्डर बघून त्या ओळखतात, दारातून थोड्या मागे सरतात आणि विचारतात, “चालतो?” मुलगा म्हणतो, “झाला म्हणून लिहिलंय.” त्या हात पुढे करत नाहीत. म्हणतात, “राहू दे तुमच्याकडेच. नेला तर लावावा लागेल.”

मुलगा टेपरेकॉर्डर घेऊन दुकानात परत येतो. टेबलावर वडिलांचं शेवटचं काम पडलं आहे: मुलाचाच जुना रेडिओ, मागचं झाकण उघडं, चार स्क्रू एका बाटलीच्या बुचात. स्क्रू बसवायचे आणि निघायचं, एवढंच उरलं आहे. तो स्क्रू उचलतो, परत बुचात टाकतो. एक कोरी चिठ्ठी काढतो, तिच्यावर स्वतःचं नाव लिहितो, खाली शेरा लिहितो, ‘पाहायचा’. तारीख घालत नाही. मग गाळा घेणाऱ्याला कळवतो की अजून आठ दिवस लागतील, आणि शटर ओढतो.

कथा एवढीच आहे. मूळ लिखाणात ती नऊ पानांची होती आणि त्यात जुन्या वस्तू आता कुणी दुरुस्त करत नाही, फेकून देतात, यावर दीड पान होतं. त्याकडे नंतर येतो.

आता चिठ्ठ्या. एकीवर होतं, ‘वडिलांचा मृत्यू’. दुसरीवर, ‘जुने व्यवसाय संपत चालले आहेत ते’. तिसरीवर कथेचा सारांश होता, ‘वडिलांच्या मागे राहिलेल्या वस्तू परत करायला निघालेला मुलगा शेवटी स्वतःच दुकान सोडू शकत नाही, कारण…’ असं दमछाक होईपर्यंत. चौथीवर, ‘दिलेली वस्तू वेळेवर परत न्यावी’. आणि उरलेल्या तिन्हींवर, शब्द थोडे इकडेतिकडे, पण एकच वाक्य: ‘वस्तू जातात, आठवणी राहतात.’

पहिली छाननी मी वाक्याच्या घडणीवरून करतो. मराठीत ती फार सोपी पडते, कारण या चारही गोष्टी आपण नकळत वेगवेगळ्या व्याकरणात लिहितो. विषय लिहायला सांगितला की माणूस नाम लिहितो: मृत्यू, एकटेपणा, बापलेकाचं नातं. क्रियापद येत नाही. कथानक सांगताना क्रियापदं घडलेल्या गोष्टींची असतात आणि पात्रं हजर असतात: मुलगा गेला, बाईंनी नाकारलं, त्याने चिठ्ठी बांधली. बोध लिहिला की क्रियापद विध्यर्थी होतं: न्यावी, जपावं, विसरू नये. आशयसूत्राचं वाक्य मात्र साध्या वर्तमानकाळात येतं, त्यात पात्रांची नावं नसतात आणि त्याला ‘छे, असं काही नसतं’ असं उत्तर देता येतं. ‘मृत्यू’ या शब्दाशी कुणी असहमत होऊ शकत नाही. असहमत व्हायचं तर आधी मृत्यूबद्दल काहीतरी म्हटलं गेलं पाहिजे.

या चाळणीत पहिल्या दोन चिठ्ठ्या विषय म्हणून बाजूला झाल्या. दुसरीत क्रियापद आहे खरं, पण शेवटच्या ‘ते’ने त्याचं पुन्हा नाम करून टाकलं आहे, व्यवसाय संपत चालले आहेत, बरं, मग त्याचं काय, ते वाक्य सांगत नाही. चौथी बोध म्हणून गेली. गंमत नाही, लिहिणारे गृहस्थ मनापासून बोलत होते. त्यांना बाईंचा राग आला होता. अकरा वर्षं कुणाच्या तरी रॅकवर आपली वस्तू ठेवायची, हे त्यांना बेजबाबदारपणाचं वाटलं. ही प्रतिक्रिया खरी आहे, पण ती बाईंविषयीचा निकाल आहे. कथा तो निकाल देते का, हे बघायला हवं, आणि कथा तो देत नाही. कथेच्या शेवटी मुलगाही तेच करतो जे बाईंनी केलं, आणि लेखिकेने त्याला कुठेही खजील केलेलं नाही.

तिसरी चिठ्ठी, सारांशाची, मला जास्त महत्त्वाची वाटते. तिचे लेखक निवृत्त अभियंते आहेत आणि त्यांनी माझ्याशी बराच वेळ वाद घातला. त्यांचं म्हणणं असं: “मी नुसतं काय घडलं ते लिहिलेलं नाही, का घडलं तेही लिहिलंय. ‘का’ आलं की आशय आलाच ना?” हा गैरसमज फार पसरलेला आहे आणि त्याचं मूळ कथानकाच्या स्वभावातच आहे. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये केंब्रिजला दिलेल्या व्याख्यानांत एक भेद केला होता, जो आजही वर्गावर्गांत सांगितला जातो: राजा मेला आणि मग राणी मेली, ही नुसती गोष्ट, राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली, हे कथानक. म्हणजे कार्यकारण हा कथानकाचाच भाग आहे. ‘गाळा रिकामा करायचा म्हणून मुलगा वस्तू पोचवायला निघाला’ यातलं ‘म्हणून’ पुढच्या घटनेला मागच्या घटनेशी बांधतं. ते बांधकाम झालं. आशयसूत्राचा प्रश्न वेगळा आहे. या सगळ्या घटना, त्यांच्या कारणांसकट, एकत्र ठेवल्यावर माणसांबद्दल काय दिसतं? कथानकातलं ‘का’ एका माणसाच्या एका कृतीचं उत्तर देतं. आशयसूत्र त्या माणसाला ओलांडून जातं.

अभियंत्यांना मी एक प्रयोग करायला सांगितला. सारांशातला मुलगा, वडील, रेडिओ, गाळा, सगळं खोडा आणि उरलेलं वाक्य वाचा. त्यांनी खोडलं. उरलं ते एवढंच: ‘माणूस सोडू शकत नाही.’ ते म्हणाले, “हे फारच मोघम झालं.” बरोबर आहे, मोघम आहे. पण सारांशात आशय दडलेला असता तर खोडाखोडीनंतर काहीतरी नेमकं उरलं असतं. मोघम उरलं याचा अर्थ त्यांनी नेमकेपणा सगळा घटनांमध्ये खर्च केला होता.

आता राहिल्या त्या तीन चिठ्ठ्या, आणि खरं प्रकरण तिथे आहे. ‘वस्तू जातात, आठवणी राहतात.’ क्रियापदं वर्तमानकाळी आहेत, पात्रांची नावं नाहीत, वाक्य पूर्ण आहे, त्याच्याशी असहमतही होता येतं. व्याकरणाच्या चाळणीतून ते सहज निघतं. त्यात ते वाक्य कथेतच छापलेलं आहे. तिघांचं म्हणणं एकच: लेखिकेनेच सांगितलंय, मग आणखी काय हवं?

मी विचारलं, “लेखिकेने सांगितलंय की शेजाऱ्याने?”

हा फरक बारीक वाटतो, पण चुकीच्या वाचनाचं सगळ्यात मोठं कारण हेच असतं. पात्राच्या तोंडी आलेलं सुभाषितासारखं वाक्य म्हणजे कथेचं म्हणणं नव्हे. ते वाक्य कोण बोलतं, कधी बोलतं आणि बोलताना त्याचं काय पणाला लागलेलं असतं, हे बघावं लागतं. शेजाऱ्याचं काहीच गेलेलं नाही. कुलूपबंद घर दुसऱ्याचं, वस्तू तिसऱ्याची, आणि समोरचा माणूस अनोळखी. बोलणं आटोपतं घ्यायला जे सहज ओठांवर येतं ते तो बोलला. लेखिकेने त्या वाक्यानंतर लगेच त्याला दार लावायला लावलं आहे, हेही वाचकांच्या नजरेतून निसटलं होतं.

पण शेजाऱ्याचं वाक्य म्हणूनच ते खोटं, असंही म्हणता येत नाही. कधीकधी लेखक किरकोळ पात्राकडून खरी गोष्ट वदवून घेतो. त्यामुळे वाक्य कथेवर लावून पाहायचं. आम्ही तिसऱ्या दाराशी गेलो आणि तो प्रसंग ओळीओळीने पुन्हा वाचला.

बाई टेपरेकॉर्डर ओळखतात. म्हणजे आठवण आहेच, ती कुठे गेलेली नाही. त्या विचारतात, “चालतो?” या प्रश्नावर मी सगळ्यांना थांबवलं. ज्याला वस्तू हवी असते तो ‘झाला का?’ विचारतो, ‘किती झाले?’ विचारतो. ‘चालतो?’ या प्रश्नात ती वस्तू चालू असण्याची धास्तीही असू शकते, आणि त्या मागे सरल्या आहेत हे लेखिकेने आधीच सांगून ठेवलं आहे. मग, “नेला तर लावावा लागेल.” कॅसेट आत आहे. तिच्यावर कुणाचा आवाज आहे हे कथा शेवटपर्यंत सांगत नाही, पण तो बाईंना आता ऐकवणार नाही, एवढं त्या एका वाक्यातून कळतं. यंत्र बिघडलेलं होतं तोवर न ऐकण्याला कारण होतं. ते दुरुस्त झालं आणि कारण संपलं. तेव्हापासून न ऐकण्यासाठी एकच सोय उरली: ते न आणणं.

आता ते वाक्य इथे लावा. ‘वस्तू जातात, आठवणी राहतात.’ इथे वस्तू गेलेलीच नाही. अकरा वर्षं रॅकवर, चालू स्थितीत आहे. आणि आठवणीने बाईंना दिलासा मिळत नाही, त्या तिच्यापासून अंतर राखून आहेत. वाक्याचे दोन्ही भाग या प्रसंगात उलटे पडतात. जे आशयसूत्र कथेतल्या सगळ्यात वजनदार प्रसंगाशी भांडतं ते त्या कथेचं नसतं, मग ते कथेत शब्दशः छापलेलं का असेना. मला तर वाटतं, लेखिकेने शेजाऱ्याचं वाक्य मुद्दाम आधी ठेवलं, म्हणजे पुढच्याच दारात ते मोडलेलं दिसावं.

तिघांपैकी एक बाई थोड्या गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, “मला ते वाक्य खरं वाटलं कारण मला ते खरं हवं होतं.” त्या दिवशीचं सगळ्यात प्रामाणिक वाक्य हेच. आपण ज्यावर आधीच विश्वास ठेवतो ते विधान कथेत दिसलं की शोध थांबतो.

यानंतर आम्ही नव्याने वाक्य बांधायला घेतलं. हे काम खडबडीत असतं आणि तसंच दाखवतो.

पहिला प्रयत्न होता: ‘माणूस दुःख टाळतो.’ खरं आहे, पण इतकं सैल की शंभर कथांवर बसेल. या कथेतल्या चिठ्ठ्या, शेरे, बुचातले स्क्रू यांतलं काहीही त्याला लागत नाही. वाक्य बसतं की नाही एवढं पाहून पुरत नाही. त्याला या कथेतल्या विशिष्ट गोष्टींची गरज पडते का, तेही पाहावं लागतं.

दुसरा प्रयत्न: ‘काम अपुरं ठेवलं की नुकसान मान्य करावं लागत नाही.’ हे शेवटावर छान बसलं. स्क्रू बसवले नाहीत, काम अपुरं, वडील जणू अजून कामात आहेत. सगळे खूश झाले. तेवढ्यात अभियंत्यांनीच हात वर केला. “पण टेपरेकॉर्डर अपुरा नाहीये. तो झालेला आहे.” अगदी बरोबर. चिठ्ठीवर स्वच्छ ‘झाला’ आहे. मग बाईंच्या बाबतीत अपुरं काय आहे? काम नाही. अपुरं आहे ते परत नेणं. देणंघेणं बाकी आहे.

‘बाकी’ हा शब्द आला आणि वाक्य जुळलं. तिसरा प्रयत्न आम्ही असा लिहिला: ‘काहीतरी बाकी आहे तोवर गेलेल्याचं जाणं पुरं होत नाही; म्हणून माणसं काहीतरी बाकी ठेवतात.’ बाईंची बाकी म्हणजे न नेलेला टेपरेकॉर्डर. मुलाची बाकी म्हणजे न बसवलेले स्क्रू, न घातलेली तारीख, न दिलेली किल्ली. दोघांच्या बाक्या वेगळ्या असूनही एका वाक्यात येतात. पहिला रेडिओवालाही यात बसतो, उलट बाजूने. त्याचं त्या रेडिओत काही अडकलेलं नाही, म्हणून ‘ठेवा तिथे’ म्हणून तो हिशोब एका क्षणात मिटवतो. हा प्रसंग आधी भरतीचा वाटला होता. आता कळलं की तो नसता तर बाईंचा नकार नुसता विक्षिप्तपणा वाटला असता.

वाक्य जमलंय का याची एक कडक परीक्षा मी नेहमी घेतो: शेवट बदलून पाहायचा. समजा, मुलाने स्क्रू उचलले आणि बसवले. चारही. रेडिओ लावून पाहिला, चिठ्ठीवर ‘झाला’ लिहिलं, किल्ली दिली आणि निघाला. विषय बदलला का? नाही. वडिलांचा मृत्यू, मागे राहिलेल्या वस्तू, सगळं तेच. कथानकही शेवटच्या काही ओळी सोडल्या तर जसंच्या तसं. पण कथा काय म्हणते ते पालटलं. आता ती म्हणते की गेलेल्या माणसाचं उरलेलं काम हातावेगळं करणं हाच त्याचा निरोप असतो. तिसऱ्या दारातल्या बाईंचा अर्थही मागे जाऊन बदलतो. आता त्या मुलाने ज्या वाटेने जायचं नाकारलं ती वाट होतात. विषय आणि जवळजवळ सगळं कथानक हलवलं नाही, आणि तरी आशयसूत्र उलटं झालं. या तिन्ही गोष्टी एक असत्या तर हे शक्यच नव्हतं.

उलट दिशेनेही करून पाहिलं. आशयसूत्र तेच ठेवायचं आणि बाकी सगळं बदलायचं. गटातल्या एकाने लगेच सुचवलं: एक संशोधक, ज्याचा प्रबंध तीन वर्षांपूर्वीच लिहून झालाय, पण तो सादर करत नाही, कारण सादर केला की मार्गदर्शकांकडे जायचं निमित्त संपेल. इथे मृत्यूच नाही. विषय शिक्षणाचा, कथानक विद्यापीठातलं, तरी ‘बाकी ठेवणं’ तेच. आमच्या वाक्यातला ‘गेलेल्याचं जाणं’ हा भाग मात्र इथे थोडा ताणावा लागतो. जाणं अजून व्हायचं आहे. त्यावरून लक्षात आलं की आमचं वाक्य याच कथेच्या मापाचं आहे. ते मला योग्य वाटलं. आशयसूत्र पात्रांना ओलांडतं, पण कथेच्या बाहेर कितीही लांब गेलं तरी चालतं असं नाही.

इथे थांबलो असतो तर प्रकरण नीटनेटकं झालं असतं. पण ज्या बाईंनी ‘मला ते खरं हवं होतं’ म्हटलं होतं, त्यांनीच विचारलं, “ते ‘फोन नको’ कुणी लिहिलंय?”

वडिलांनी. सगळ्या चिठ्ठ्या वडिलांच्या अक्षरातल्या आहेत. ‘फोन नको’ हे दोन शब्द आम्ही सगळ्यांनी वाचले होते आणि सोडून दिले होते. त्यांचा अर्थ असा होतो की टेपरेकॉर्डर झाल्यावर कळवायचं नाही, हे वडिलांना ठाऊक होतं. बाईंनी तसं सांगितलं असेल, किंवा त्यांनी ओळखलं असेल. कथा काही बोलत नाही. पण अकरा वर्षं त्यांनी रॅकवरची जागा दिली, एकदाही फोन केला नाही, आणि मुलाला याचा पत्ता नव्हता. म्हणून तर तो टेपरेकॉर्डर उचलून थेट दारात गेला. वडिलांनी जपलेली गोष्ट त्याने न कळत मोडली.

यातून दुसरं आशयसूत्र निघतं: दुसऱ्याने बाकी ठेवलेलं न विचारता सांभाळणं ही जवळीकच असते, आणि ती बहुतेक वेळा कुणाला दिसत नाही. हे पहिल्या वाक्याला खोडत नाही. ते त्याच घटनांकडे रॅक सांभाळणाऱ्याच्या बाजूने बघतं. अभियंत्यांना हे रुचलं नाही. त्यांना एकच उत्तर हवं होतं. माझं मत असं की एका कथेत दोन आशयसूत्रं असू शकतात, पण दोन्हींनी मजकुरातून स्वतःचा आधार दाखवला पाहिजे. पहिल्याला आधार तिसऱ्या दाराचा आणि शेवटाचा. दुसऱ्याला आधार फक्त दोन शब्दांचा, पण ते दोन शब्द दुसरीकडे कुठेच खपत नाहीत. पहिल्या आशयसूत्रासाठी ‘झाला’ एवढं पुरेसं होतं. ‘फोन नको’ जास्तीचं आहे, आणि चांगल्या लेखकाच्या हातून जास्तीचं काही आलं तर ते कशासाठी आलं हे विचारायलाच हवं. दोन आशयसूत्रं चालतात म्हणून तिसरं आणि चौथं कुणाच्याही मनातलं चालेल, असं मात्र नाही. ‘जुने व्यवसाय संपत चालले आहेत’ याला वाक्याचं रूप दिलं, तरी बाईंचा नकार त्याने उलगडत नाही. त्यांच्या नकाराचं कारण बाजारात नाही.

एवढं झाल्यावर लेखिका बोलल्या. चर्चेत लेखकाने शेवटपर्यंत गप्प बसायचं, असा आमचा नियम आहे. त्यांनी आधी हे सांगितलं की लिहिताना त्यांच्या डोक्यात यातलं काही वाक्यरूपात नव्हतं. वडिलांच्या टेबलावरचे बुचातले स्क्रू त्यांना दिसत होते आणि ते बसवायचे नाहीत एवढं माहीत होतं. यावर कुणी म्हणालं, मग आपण काढलेलं आशयसूत्र खोटं का? नाही. आशयसूत्र लेखकाच्या मनातून काढून आणायचं नसतं, ते मजकुरातून सिद्ध करायचं असतं. लेखिकेला ते आधी माहीत नसणं ही त्या कथेची अडचण नव्हे.

मग त्यांनी त्या दीड पानाबद्दल विचारलं. दुरुस्तीचा धंदा कसा संपला, लोक वस्तू कशा फेकून देतात, ते पान काढावं का? लिखाण म्हणून ते उत्तम होतं, त्यातला सोल्डरच्या वासाचा परिच्छेद तर मला पाठ व्हावा इतका आवडला. पण ते पान विषयाची सेवा करत होतं. विषय पसरट झाला की वाचक तोच धरून बसतो. दुसरी चिठ्ठी त्याचा पुरावा होती. शिवाय त्या पानाने वाचकाला आधीच सांगून ठेवलं होतं की वस्तू रॅकवर राहिल्या कारण आता कुणाला दुरुस्त केलेलं नको असतं. मग बाईंचा नकारही वाचक त्याच खात्यात टाकतो. मी म्हटलं, वास ठेवा, कारण काढा.

पंधरा दिवसांनी त्यांनी नवा खर्डा पाठवला. दीड पानाच्या पाच ओळी झाल्या होत्या, सोल्डरच्या वासासह. शेजाऱ्याचं वाक्य तसंच होतं. ते काढू नका असा मी आग्रह धरला होता. आणखी एक बदल त्यांनी कुणालाही न विचारता केला होता. पहिल्या खर्ड्यात ‘फोन नको’ हे शब्द मुलगा दुकानातून निघतानाच वाचतो. आता तो घाईत फक्त नाव, पत्ता आणि ‘झाला’ एवढंच बघतो. चिठ्ठी नीट वाचतो ती परतल्यावर, टेपरेकॉर्डर पुन्हा रॅकवर त्याच जागी ठेवताना. त्याच्या पुढची ओळ बुचातल्या स्क्रूंची आहे.